ब्लेझर आला पण ताई गेली: एका फोटोतले कपडे बदलताना दोनदा केलेलं काम

प्रकरण तसं साधं होतं. मावसबहिणीला ऑफिसच्या प्रोफाइलसाठी फोटो हवा होता, तिच्याकडे एक फोटो होता ज्यात चेहरा, उजेड, मागची भिंत सगळं मस्त आलेलं, फक्त अंगात करडा गोल गळ्याचा टीशर्ट. तिचं म्हणणं, ह्याच फोटोत मला ब्लेझर घाल. नवीन फोटो काढायला ती तयार नव्हती कारण "असा चेहरा परत येत नाही". काय हवंय तेही तिने नीट सांगितलं होतं: गडद हिरवा ब्लेझर, एका रांगेची दोन बटणं, साधी खाच असलेली लॅपल म्हणजे गळ्यापासून छातीवर दुमडलेली पट्टी, आत पांढऱ्या शर्टाची कॉलर, आणि कापड चकचकीत नको, लोकरी दिसायला हवं.

पहिल्यांदा मी ते केलं सूचना देऊन फोटो बदलणाऱ्या एआय टूलमध्ये, म्हणजे फोटो टाकायचा, वाक्य लिहायचं, नवा फोटो येतो, त्यावर पुन्हा वाक्य. पहिल्या फटक्यात जे आलं ते बघून मी खूश झालो होतो. काळा ब्लेझर, आत पांढरा शर्ट, खांदे पण बरे बसलेले. मग दुसऱ्या राउंडला मी चार गोष्टी एकदम सांगितल्या: हिरवा कर, चमक कमी कर, दोन बटणं ठेव, कॉलर लहान कर. हिरवा झाला, पण हिरवा रंग कानातल्यातही उतरला आणि शर्टाला हलकी हिरवट झाक आली, आणि लॅपलची खाच गायब होऊन सरळ गोल वळणाची लॅपल झाली, जी मी मागितलीच नव्हती. तिसऱ्यात लॅपल आणि कानातलं दुरुस्त करायला सांगितलं तर बाह्या आखूड झाल्या. चौथ्यात बाह्या लांब केल्या तर तीन बटणं आली. असं करत नऊ राउंड झाले. नववा फोटो ताईला पाठवला, तिचा फोनच आला.

"अरे ब्लेझर छान आहे, पण ही कोण आहे?"

मी म्हटलं, "ताई, तूच आहेस की."

"माझा तीळ कुठाय मग?"

तिच्या ओठाच्या डाव्या बाजूला छोटा तीळ आहे. मी सगळ्या फाइल्स ओळीने उघडून बघितल्या तर चौथ्या राउंडपर्यंत तो दिसतोय, पाचव्यात नुसता डाग आहे, सहाव्यात नाहीच. आणि मी नऊही राउंड फक्त ब्लेझरकडे बघत बसलेलो.

नेमकं काय घडलं ते कळायला मी फोटो एडिटरमध्ये मूळ फोटो आणि नववा फोटो एकावर एक ठेवून लेयरचा मोड डिफरन्स केला. ह्यात जिथे दोन्ही फोटो सारखे तिथे पूर्ण काळं दिसतं आणि जिथे फरक तिथे उजळ. ब्लेझरची जागा उजळ दिसणार हे धरलंच होतं, पण चेहरा, केस, मागची भिंत, कुठेच काळं नव्हतं. म्हणजे मी "बटणं दोन कर" म्हटलं तरी टूल दर वेळी आख्खा फोटो नव्याने काढत होतं, चेहऱ्यासकट. ह्या मॉडेल्सचं असं असतं की बरीचशी थेट पिक्सेलवर काम करत नाहीत, आधी फोटो आकसून एका छोट्या रूपात नेतात आणि तिथून परत उलगडतात. उदाहरणार्थ स्टेबल डिफ्यूजन ह्या चित्रं काढणाऱ्या मॉडेलमध्ये 512 बाय 512 चा फोटो 64 बाय 64 च्या जाळीत जातो, म्हणजे 8 बाय 8 पिक्सेलचा चौकोन एका घरात. चार-पाच पिक्सेलचा तीळ त्यात जेमतेम टिकतो, आणि प्रत्येक राउंडचं आउटपुट पुढच्या राउंडचं इनपुट केलं की तेच आकसणं-उलगडणं पुन्हा पुन्हा. झेरॉक्सची झेरॉक्स काढत जावं तसं.

दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. समजा ब्लेझरच्या सात गोष्टी तुम्हाला हव्या तशा जमल्यात आणि पुन्हा पूर्ण काढताना त्यातली प्रत्येक टिकायची शक्यता 90 टक्के धरली (आकडा मी समजायला धरलाय, मोजलेला नाही), तर सातही टिकण्याची शक्यता 48 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे प्रत्येक राउंडला नाणं उडवल्यासारखं, निम्म्याहून जास्त वेळा काहीतरी जमलेलं बिघडणार. वर चार सूचना एकत्र दिल्या असतील तर हिरवी झाक नेमकी कशामुळे आली, "हिरवा कर"मुळे की "चमक कमी"मुळे, हे शोधायला मार्गच उरत नाही. मी पुढचा प्रॉम्प्ट अंदाजानेच लिहीत होतो.

म्हणून सगळं टाकून मूळ फोटोपासून परत सुरू केलं, ह्या वेळी स्टेबल डिफ्यूजनच्या AUTOMATIC1111 वेबयूआयमधल्या इनपेंटिंगवर, म्हणजे मास्क रंगवायचा आणि फक्त मास्कच्या आतलं नवीन काढायचं, बाहेरचे पिक्सेल मूळ फोटोतलेच परत चिकटवले जातात. आणि एका राउंडला एकच गुण बदलायचा असं ठरवलं. पण खरं सांगायचं तर नुसतं "एकच बदल" पुरत नाही, क्रम चुकला तर एकेक करूनही तुम्ही गोल गोल फिरता. आधी कापडाचा पोत सुंदर जमवला आणि मग बाही बदलायला गेलात तर बाहीबरोबर पोतही नवा निघतो, झालेलं काम वाया. म्हणून आधी आकार, मग आकाराचे तुकडे, मग कापड, आणि रंग एकदम शेवटी. ह्या क्रमाने गेलं की आकार एकदा बसल्यावर प्रत्येक राउंडला एकतर मास्क लहान होतो नाहीतर डीनॉइझिंगचा आकडा उतरतो, म्हणजे बिघडू शकेल असं कमी कमी होत जातं.

त्या डीनॉइझिंगच्या आकड्याबद्दल थोडं, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. `Denoising strength` हा 0 ते 1 असतो. 0 म्हणजे काही बदलत नाही, 1 म्हणजे आतलं जवळजवळ पूर्ण नवीन. मध्ये काय होतं तर तुमच्या चित्रावर तेवढ्या प्रमाणात नॉइज म्हणजे विस्कटलेले ठिपके टाकले जातात आणि तिथून साफ करत आणतात. 20 स्टेप्स आणि 0.5 असेल तर साधारण शेवटच्या 10 स्टेप्सच चालतात. मोठे आकार आणि मोठ्या भागाचा रंग हे सुरुवातीच्या, जास्त नॉइज असलेल्या स्टेप्समध्ये ठरतात आणि बारीक पोत शेवटच्या स्टेप्समध्ये. म्हणून आकार बदलायला मोठा आकडा लागतो, पोताला लहान चालतो, आणि लहान आकड्यावर "करड्याचा हिरवा कर" म्हणून कितीही ओरडा, होत नाही.

पहिला राउंड, फक्त आकार. प्रॉम्प्टमध्ये मुद्दाम साधा मध्यम करडा ब्लेझर लिहिला, हिरवा शब्दच नाही. रंग नंतर बाहेरून देणार होतो आणि करड्यावर रंग चढवणं सोपं जातं, शिवाय प्रॉम्प्टमध्ये रंगाचा शब्दच नसला की तो कानातल्यात सांडण्याचा प्रश्न नाही. इथे मी मास्कमध्ये चूक केली. टीशर्टच्या कडेकडेने अगदी नीट, कात्रीने कापल्यासारखा मास्क रंगवला, आणि जे आलं ते ब्लेझर नव्हतंच, ब्लेझरचं चित्र छापलेला टीशर्ट होता. खरा ब्लेझर खांद्याला थोडा बाहेर येतो, काखेत सैल पडतो, कमरेला शरीरापासून सुटा असतो, त्याला ती जागा मास्कमध्ये मिळायला हवी. मग खांद्याच्या बाहेर 20 एक पिक्सेल, हात मनगटापर्यंत (टीशर्टात उघडे होते ना), आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची थोडी भिंत असा सैल मास्क केला. तळवे सोडले. उजव्या खांद्यावर आलेली केसांची बटही सोडली, कारण केस पुन्हा काढले की ते तिचे राहत नाहीत.

सीड म्हणजे तो नॉइज कसा पडणार हे ठरवणारा आकडा. 0.9 वर वेगवेगळ्या सीडचे आठ फोटो काढले आणि निवडताना फक्त खांदे आणि बाह्यांची लांबी बघितली. हे बोलायला सोपं आहे, करायला अवघड. तिसऱ्या फोटोत कापड इतकं सुंदर आलं होतं की मोह होत होता, पण डावा खांदा उतरलेला होता. पाचवा घेतला, ज्यात लॅपल चुकीची, बटणं तीन, कॉलरच्या जागी काहीतरी स्कार्फसारखं, पण बसलेला तिच्याच अंगावर. लॅपल आणि बटणांचे राउंड पुढे होतेच.

दुसऱ्या राउंडला मास्क फक्त दोन लॅपलांमधल्या व्ही आकारावर आणि थोडा गळ्यापर्यंत, 0.75, पांढऱ्या शर्टाची कॉलर. दुसऱ्याच प्रयत्नात आली. फक्त मास्क गळ्यावर थोडा वर न्यावा लागला, नाहीतर टीशर्टच्या गोल गळ्याची सावली कॉलरच्या वर तशीच राहत होती.

तिसरा राउंड लॅपलचा, आणि संध्याकाळ ह्याच्यातच गेली. आलेली लॅपल टोकदार होती, टोक खांद्याकडे वर गेलेलं, हवी होती साधी खाच. मास्क दोन्ही लॅपलांवर, 0.6, प्रॉम्प्टमध्ये खाचवाली लॅपल. बदललं काहीच नाही, टोक तसंच. आता इथे हात शिवशिवतात, आकडाही वाढवावा, शब्दही बदलावेत, सीडही नवा घ्यावा. मी फक्त आकडा बदलला, 0.7, बाकी सगळं तेच, सीडही तोच. डावीकडे खाच आली. उजवीकडे नाही. म्हणजे शब्द बरोबर होते, ताकद कमी पडत होती, हे कळलं. सगळं एकदम बदललं असतं तर हे कळलं नसतं.

मग उजवीसाठी तेच आउटपुट परत इनपुट केलं, सीड तोच ठेवला, तीनदा चालवलं आणि लॅपलच्या कडेला एक विचित्र करकरीत रेघ आली, जास्त शार्प केलेल्या फोटोत येते तशी, भोवती पांढरी किनार. सीड लॉक करा असं सगळे सांगतात पण अर्धंच सांगतात. एकाच मूळ चित्रापासून वेगवेगळी सेटिंग्ज तपासताना सीड लॉक हवा, नाहीतर फरक सेटिंगचा की नशिबाचा हे कळणार नाही. पण आउटपुटवरच पुढचा राउंड चालवताना तोच सीड ठेवला की तोच नॉइज त्याच जागी पुन्हा पुन्हा चढतो आणि कडा करपतात. तिथे सीड बदलायचा. मी ते तीन टाकून दिले, डावी जमलेल्या फाइलवर परत आलो, फोटो एडिटरमध्ये उजव्या लॅपलवर पांढऱ्या ब्रशने खाचेचा ओबडधोबड त्रिकोण काढला, लहान मुलाने काढल्यासारखा, मास्क फक्त तेवढ्या भागावर, नवा सीड, 0.55. पहिल्याच वेळी झालं. आकाराचा इशारा चित्रात आधीच असला की मॉडेलला तो शोधावा लागत नाही आणि कमी ताकदीत काम होतं.

बटणं तीन होती. मॉडेलला मोजायला सांगण्याचा हट्ट केला नाही, सर्वात खालचं बटण क्लोन ब्रशने पुसलं. दोन मिनिटं.

तोपर्यंतची नोंद एका टेक्स्ट फाइलमध्ये अशी होती:

```
r1  shape    mask: torso+arms   0.90  seed 418822  OK
r2  collar   mask: V + neck     0.75  seed 418830  OK
r3a lapel    mask: both         0.60  seed 77104   no change
r3b lapel    mask: both         0.70  seed 77104   left OK
r3c lapel    mask: right+paint  0.55  seed 90215   OK  base=r3b
```

शेवटचं `base=` सगळ्यात कामाचं निघालं. कुठली फाइल कुठल्या फाइलवरून निघाली हे लिहिलं नसेल तर तासाभराने तुम्ही करपलेल्या फाइलवरच पुढचं काम करत असता.

कापडाच्या राउंडला मास्क पुन्हा मोठा झाला, आख्खा ब्लेझर, कॉलर सोडून. मास्क मोठा म्हणून आकडा लहान ठेवायचा. एकाच फाइलवरून, एकाच सीडने 0.3, 0.4 आणि 0.5 असे तीन काढले. 0.3 वर पोत बदललाच नाही, गुळगुळीत चमक तशीच. 0.5 वर लोकर सुंदर आली पण उजव्या लॅपलची एवढ्या कष्टाची खाच पुन्हा बुजायला लागली. 0.4 वर खाच शाबूत आणि चमकही गेली, फक्त लोकर जरा कमी उठून दिसत होती. तेवढ्यावर थांबलो. ह्या टूलमध्ये `X/Y/Z plot` नावाची स्क्रिप्ट आहे, ती असे तिन्ही एका जाळीत शेजारीशेजारी काढून देते, डोळ्याला तुलना सोपी जाते.

रंगाला मॉडेल वापरलंच नाही. फोटो एडिटरमध्ये त्याच मास्कवर हिरवा लेयर, ब्लेंड मोड कलर. ह्यात खालच्या चित्राचा उजेड-अंधार तसाच राहतो आणि फक्त रंग वरून येतो, त्यामुळे घड्या, सावल्या, पोत एक पिक्सेलही हलत नाही. ह्यूचा स्लायडर फिरवून काही होत नाही, करड्यात फिरवायला रंगच नसतो. मग गडदपणासाठी कर्व्ह थोडा खाली ओढला. चुकून मास्कची कड कॉलरवर एक-दोन पिक्सेल चढली होती आणि कॉलरला हिरवी रेघ आली, ती झूम 100 टक्के केल्यावर दिसली, पूर्ण फोटो बघताना नुसतं काहीतरी खटकत होतं.

राहिला ग्रेन. मूळ फोटोत थोडे बारीक दाणे आहेत, नवीन काढलेला भाग एकदम स्वच्छ असतो आणि त्यामुळेच तो चिकटवलेला वाटतो. ब्लेझरवर हलका नॉइज टाकला, चेहऱ्याशेजारी ठेवून जुळेपर्यंत.

शेवटी परत तोच डिफरन्स लेयर. ह्या वेळी ब्लेझर, कॉलर-गळ्याची जागा आणि खांद्या-कमरेजवळची जराशी भिंत उजळ, बाकी सगळं काळं कुळकुळीत, तीळाची जागासुद्धा. ही तपासणी करायची तर मधल्या सगळ्या फाइल्स पीएनजीत ठेवा, जेपेगमध्ये दर वेळी सेव्ह केलं की मास्कच्या बाहेरही बारीक फरक पडतात आणि खरी गडबड कुठली ते त्यात लपतं.

ताईला पाठवला. तिने आधी झूम करून तीळ बघितला, मग म्हणाली, "मस्त. डबल ब्रेस्टेड असता तर कसा दिसला असता रे?"

आता हा "एक गुण" दिसतो पण नाहीये. डबल ब्रेस्टेड म्हटलं की पुढचा पदर एकमेकांवर जास्त चढतो, बटणांच्या दोन रांगा येतात, लॅपल बहुतेक टोकदार होते, व्हीचा आकार बदलतो आणि त्याबरोबर आतली कॉलर किती दिसते तेही. हे एकमेकांत गुंतलेलं आहे, सुटं करून एकेक बदलता येत नाही, उगाच प्रयत्न केला तर मध्येच अर्धवट कुठलाच ब्लेझर नसलेलं काहीतरी तयार होतं. असं मागणं आलं की शेवटच्या फाइलला हात न लावता थेट पहिल्या राउंडला जायचं आणि आकारच नवा काढायचा, पुढचे राउंड परत करावे लागणार हे धरून. तिला म्हटलं, "ताई, ते म्हणजे नवीन ब्लेझर शिवणं आहे, होईल पण उद्या." ती म्हणाली, राहू दे, मग हाच नेव्ही ब्लू करून दाखव. त्यासाठी लेयरचा फक्त रंग बदलला, ती फोनवर असतानाच पाठवला, आणि तिने हिरवाच ठेवला.